पाकीट हलकं, चार्ट मात्र शांत: दोष मशीनचा की चार्टच्या मांडणीचा, हे कसं शोधावं

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या नमकीन कारखान्यांत मी पॅकिंगच्या वजनांचं काम बघते. २०० ग्रॅमचं शेवेचं पाकीट, चार कपांचं फिलर मशीन, तासाला चार पाकिटं काट्यावर आणि भिंतीवर टांगलेला एक्स-बार आर चार्ट, म्हणजे त्या चार पाकिटांची सरासरी आणि त्यांच्यातला फरक तासातासाला दाखवणारा आलेख, ही इथली नेहमीची मांडणी. तक्रारही ठरलेलीच असते. दुकानदार म्हणतो पाकीट हलकं येतंय, ऑपरेटर म्हणतो, "मॅडम, चार्ट बघा ना, सगळे ठिपके मधल्या लाइनीवर चाललेत!" आणि दोघंही खरं बोलत असतात. हा घोळ मी इतक्या ठिकाणी निस्तरला आहे की आता तपासणीचा क्रम ठरून गेला आहे. आधी फुकटात होणारं, मग थोडा वेळ खाणारं आणि सगळ्यात शेवटी मशीन उघडायला लावणारं.

लक्षणं

पहिलं लक्षण गोंगाटाचं. दर पाळीत एखादा ठिपका रेषेबाहेर जातो, कोणीतरी वजनाचं चाक फिरवतो, पुढच्या तासाला ठिपका दुसऱ्या बाजूला जातो, मग चाक उलटं फिरतं. दिवसअखेर चार्ट करवतीच्या दात्यांसारखा दिसतो आणि वजन काही सुधारलेलं नसतं.

दुसरं लक्षण शांततेचं, आणि ते जास्त धोक्याचं. आठवडेच्या आठवडे सगळे ठिपके मधल्या रेषेला चिकटून चालतात, वरच्या-खालच्या रेषांच्या आसपाससुद्धा फिरकत नाहीत. ऑडिटला आलेले पाहुणे चार्ट बघून खूश होतात. आणि तरीही हलक्या पाकिटांच्या तक्रारी थांबत नाहीत.

तिसरं लक्षण म्हणजे सात-आठ ठिपके हळूहळू एकाच दिशेला सरकणं. यात गूढ कमी असतं, म्हणून ते शेवटी थोडक्यात घेते.

तपासणी पहिली: रेषा कुठून आल्या?

याला पैसा लागत नाही, फक्त एक प्रश्न विचारायचा: या वरच्या-खालच्या रेषा कोणी काढल्या आणि कशावरून? उत्तर "हेड ऑफिसकडून आल्यात" किंवा "आधीच्या चार्टवरून उतरवल्यात" असं आलं, तर इथेच थांबून आकडे तपासा.

पाकिटावर २०० ग्रॅम छापलंय, म्हणून काही ठिकाणी खालची रेषा थेट २०० वर आखलेली असते आणि वरची २०६ वर. इतके गोल आकडे दिसले की मला संशय येतो. त्या रेषा गिऱ्हाइकाला काय हवं ते सांगतात. कंट्रोल चार्टच्या रेषांचं काम वेगळं असतं. काहीही बिघडलेलं नसताना हे मशीन स्वतःहून किती हलतं, हे त्या सांगतात आणि त्या मशीनच्याच वजनांतून मोजून काढाव्या लागतात. शिवाय चार्टवर आपण चार पाकिटांची सरासरी टाकतो, आणि चारांची सरासरी एकट्या पाकिटापेक्षा निम्मीच हलते. त्यामुळे सरासरीचा ठिपका २०० च्या वर आहे याचा अर्थ प्रत्येक पाकीट २०० च्या वर आहे असा होत नाही.

हिशेब साधा आहे. मशीनला हात न लावता वीस-पंचवीस गट घ्या. प्रत्येक गटातलं सगळ्यात जड पाकीट वजा सगळ्यात हलकं, ही त्या गटाची रेंज. सगळ्या रेंजची सरासरी काढा. गट चार पाकिटांचा असेल तर तिला ०.७२९ नं गुणा, पाचांचा असेल तर ०.५७७ नं. जे येईल तेवढं एकूण सरासरीच्या वर आणि तेवढंच खाली, तिथे रेषा. कोणीतरी वेळ वाचवायला पाचाऐवजी चार पाकिटं घ्यायला लागतं आणि शीटमधला ०.५७७ तसाच राहतो, हे मी नेहमी बघते. रेषा विनाकारण आखडतात आणि खोटे इशारे सुरू होतात.

दुसरी चूक संगणकावरची. महिन्याभराची सगळी वजनं एका रांगेत टाकून एक्सेलचं `STDEV.S`, म्हणजे प्रमाण विचलनाचं सूत्र, लावायचं आणि त्याच्या तिप्पट अंतरावर रेषा काढायच्या. त्या आकड्यात महिन्याभरातली सगळी उलथापालथसुद्धा शिरते. म्हणजे जी गडबड पकडायची, तिलाच रेषा रुंद करायला वापरल्यासारखं होतं. रेंजवरून हिशेब करतात तो एवढ्याचसाठी. गटातली पाकिटं काही सेकंदांच्या अंतरानं निघालेली असतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक मशीनच्या त्या क्षणीच्या हलण्याएवढाच असायला हवा. यातला "हवा" हा शब्द लक्षात ठेवा. पुढची मुख्य भानगड तिथेच आहे.

तपासणी दुसरी: काटा

पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि मशीनवर आळ घेण्याआधी ते करावंच. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का? शिक्का असलेलं २०० ग्रॅमचं वजन ठेवल्यावर २०० दाखवतो का? मग एकच भरलेलं पाकीट दहा वेळा उचलून ठेवा आणि आकडे लिहा. ते आपापसात अर्ध्या ग्रॅमनं उड्या मारत असतील, तर वरचा पंखा बंद करून पुन्हा करा. उन्हाळ्यात पॅकिंगच्या खोलीत पंखा थेट काट्यावर सोडलेला असतो आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

रिकाम्या पाकिटाचं वजनही बघा. फिल्मचा रोल बदलला, जाडी थोडी वेगळी आली आणि वजा करायचं वजन जुनंच राहिलं, तर सगळे ठिपके एकाच वेळी वर किंवा खाली सरकतात. शेव मात्र तेवढीच पडत असते.

आणखी एक बारीक गोष्ट. काटा पूर्ण ग्रॅममध्येच आकडा दाखवत असेल तर या कामाला तो उपयोगाचा नाही. एका कपाचं स्वतःचं हलणं जेमतेम पाऊण-एक ग्रॅमचं असतं. अशा काट्यावर रेंज फक्त ०, १, २ किंवा ३ येते आणि चार्ट पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. ०.१ ग्रॅमचा काटा लागतो.

तपासणी तिसरी: आधी रेंजचा चार्ट

बहुतेक लोकांचं लक्ष फक्त वरच्या, सरासरीच्या चार्टवर असतं. मी खालून सुरुवात करते. कारण सरासरीच्या रेषा रेंजमधूनच निघतात, आणि रेंज बिघडलेली असेल तर वरच्या चार्टवरचा कुठलाच निष्कर्ष धरता येत नाही. चारांच्या गटासाठी रेंजची वरची रेषा म्हणजे सरासरी रेंज गुणिले २.२८२. एखादी रेंज त्याच्यावर गेली तर त्या गटातलं नेमकं कुठलं पाकीट वेगळं होतं ते बघा. शेवेचा गुंता कपात अडकून अर्धवट पडला, एवढंच कारण बऱ्याचदा निघतं.

रेंज रेषेच्या आत आहे एवढ्यावर थांबू नका. तिचा आकडा तुमच्या मशीनला शोभतो का, हेही विचारा. स्वच्छ, नीट बसवलेल्या कप फिलरवर आमच्या शेवेला चारांच्या गटाची सरासरी रेंज दीड-पावणेदोन ग्रॅम येते. ती साडेचार-पाच येत असेल आणि तरीही चार्ट शांत असेल, तर थेट पाचव्या तपासणीकडे जा.

तपासणी चौथी: हा ठिपका खरंच काही सांगतोय का?

मर्यादा तीन सिग्मावर, म्हणजे ठिपक्यांच्या नेहमीच्या हलण्याच्या मापाच्या तिप्पट अंतरावर, ठेवायची पद्धत वॉल्टर श्यूहार्टची. १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीत काम करताना त्यानं पहिला कंट्रोल चार्ट कागदावर मांडला. तीनच का, यामागे त्याचा हिशेब व्यवहाराचा होता. रेषा आत आणली तर नसलेल्या दोषामागे धावण्यात पैसा जातो, बाहेर नेली तर असलेला दोष निसटतो. तीनवर या दोन्ही खर्चांचा मेळ बरा बसतो.

पण बरा बसतो म्हणजे खोटा इशारा कधीच येत नाही असं नव्हे. सगळं ठीक असतानाही साधारण ३७० ठिपक्यांत एक ठिपका बाहेर जातो. दोन पाळ्या आणि तासाला एक ठिपका धरला तर दिवसाला सोळा ठिपके होतात, म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांतून एकदा चार्ट विनाकारण ओरडणार. एवढं चालून जातं. एक ठिपका बाहेर गेला की लगेच चाक फिरवायचं नाही. आधी काटा बघायचा, लगेच आणखी चार पाकिटं घ्यायची. त्यांची सरासरीही बाहेर गेली तर कारण शोधायचं.

इशाऱ्यांचे नियम पुस्तकात भरपूर आहेत आणि संगणक एका टिचकीत सगळे चालू करून देतो. ते करू नका. प्रत्येक नियमाबरोबर खोट्या इशाऱ्यांची भर पडते आणि आठवड्याभरात ऑपरेटर चार्टकडे बघणं सोडतो. मी तीनच ठेवते. एक ठिपका रेषेबाहेर, सलग आठ ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला, आणि सलग पंधरा ठिपके मधल्या एक-तृतीयांश पट्ट्यात. या तिसऱ्या नियमाचं लोकांना नवल वाटतं, कारण मधोमध असणं त्यांना चांगलं वाटतं. पण मशीन खरंच स्वतःच्या स्वभावानुसार हलत असेल तर तीनांतला जवळपास एक ठिपका त्या पट्ट्याबाहेर पडायला हवा. सलग पंधरा आत राहण्याची शक्यता हजारात तीन-चार एवढीच. तसं झालं म्हणजे रेषा चुकीच्या अंतरावर आहेत.

पहिलं लक्षण, म्हणजे करवतीचे दाते, असेल तर उपाय फुकट आहे: एक पाळी चाकाला हात लावायचा नाही. प्रत्येक तासाच्या सरासरीवरून तेवढंच उलटं चाक फिरवलं, तर सरासऱ्यांचा पसारा कमी होत नाही, जवळपास १.४ पट वाढतो. कारण सरळ आहे. या तासाचं विचलन योगायोगाचं होतं, पुढच्या तासाचंही स्वतंत्र योगायोगाचंच असणार, आणि आपण पहिल्याचा उतारा दुसऱ्याच्या डोक्यावर टाकतो. चाकावर कागदी पट्टी चिकटवून "शिफ्ट इंचार्जला विचारल्याशिवाय नाही" असं लिहा आणि पाळीअखेर चार्ट बघा. दाते गेले, तर दोष मशीनचा नव्हता.

तपासणी पाचवी: गट कसा घेताय?

हे सगळं करूनही चार्ट शांत आणि पाकिटं हलकी, तर खरं दुखणं बहुधा इथे असतं. एक प्रकरण आकड्यांसकट सांगते.

मशीनच्या फिरत्या तबकडीवर चार कप. ऑपरेटर तासाला सलग चार पाकिटं उचलतो, म्हणजे प्रत्येक कपाचं एक. पहिल्या तीन गटांची वजनं कपांच्या क्रमानं मांडली असती, तर अशी दिसली असती:

```
कप १    कप २    कप ३    कप ४     सरासरी   रेंज
204.2   203.6   199.8   204.6    203.05   4.8
203.1   204.5   200.6   204.2    203.10   3.9
204.9   203.8   199.5   204.0    203.05   5.4
```

तिसरा रकाना बघा. पण कारखान्यात हा तक्ता असा नव्हताच. पाकिटं हाताला येतील तशी काट्यावर जात होती आणि फॉर्मवर "वजन १, वजन २" असे बिननावाचे रकाने होते. त्यामुळे दर तासाला एक पाकीट २०० च्या आसपास येतंय हे दिसायचं, पण ते दर वेळी त्याच कपाचं आहे हे कोणालाच दिसत नव्हतं.

आता चार्टचं काय झालं ते पाहा. पंचवीस गटांची सरासरी रेंज ४.७ आली. त्यावरून वरची रेषा UCL आणि खालची रेषा LCL:

```
UCL = 203 + 0.729 × 4.7 = 206.4
LCL = 203 − 0.729 × 4.7 = 199.6
```

साडेतीन ग्रॅम वर आणि साडेतीन खाली. पण ही ४.७ ची रेंज मशीनच्या हलण्याची नव्हती. तिच्यातले जवळजवळ चार ग्रॅम एका कपाच्या कायमच्या कमतरतेचे होते. ती कमतरता प्रत्येक गटात एकदाच आणि सारखीच येत होती, म्हणून सरासरी जागची हलत नव्हती. दर तासाची सरासरी २०१.८ ते २०४.२ च्या दरम्यान. रेषा मात्र १९९.६ आणि २०६.४ वर. साहजिकच सगळे ठिपके मधल्या पट्ट्यात दाटीनं बसले आणि चार्ट दिसायला अगदी देखणा झाला.

तपासायला फॉर्म आणि वीस मिनिटं पुरतात. तबकडी थांबवून कपांवर खडूनं १ ते ४ आकडे टाका. मशीन चालू करा, पहिल्या कपाचं पाकीट बाहेर येईल तिथून सलग वीस पाकिटं क्रमानं बाजूला काढा आणि वजनं चार रकान्यांत भरा. रकान्यांची सरासरी आली २०४.०, २०४.१, २००.० आणि २०३.९. एका कपाच्या पाच पाकिटांची आपापसातली रेंज मात्र दोन ग्रॅमच्या आतच. म्हणजे प्रत्येक कप स्वतःशी प्रामाणिक होता, फक्त तिसरा बाकीच्यांपेक्षा चार ग्रॅमनं मागे होता. त्याची निम्मी पाकिटं २०० च्या खाली जात होती. बाजारात जाणाऱ्या मालात हे प्रमाण आठातलं एक पडतं. बाकीच्या तीन कपांतून कारखाना दर पाकिटामागे चार ग्रॅम शेव फुकट वाटत होता, ते वेगळंच.

मशीनचा मेन स्विच बंद करून मेंटेनन्सच्या काकांनी तिसरा कप उतरवला. आत बेसन आणि तेलाचा पिवळट, कडक थर होता. या कपाचा आतला व्यास १०० मिलीमीटर. भिंतीवर सगळीकडे अर्ध्या मिलीमीटरचा थर बसला तर आकारमान २ टक्क्यांनी घटतं, आणि २०४ ग्रॅमचे २ टक्के म्हणजे चार ग्रॅम. हिशेब नेमका जुळला. याच कपाला थर का? पूर्वी कोणीतरी तो लोखंडी पट्टीनं खरवडला होता, पत्र्यावर ओरखडे पडले होते आणि तेलकट भुगा तिथेच धरून बसत होता. नुसता साफ केला असता तर महिन्याभरात तक्रार परत आली असती. कप पॉलिश करून घेतला आणि सफाईसाठी प्लास्टिकची पट्टी ठरवून दिली.

मग गट घ्यायची पद्धत बदलली. हा बदल कप साफ करण्याइतकाच महत्त्वाचा, कारण जुन्या पद्धतीनं पुढचा बिघाडही लपलाच असता. आता एका तासाला एकाच कपाची चार पाकिटं घेतात, म्हणजे दर चौथं पाकीट. पुढच्या तासाला पुढचा कप. ठिपक्याखाली कपाचा आकडा लिहितात. रेंजमध्ये आता एकाच कपाचं हलणं येतं. नवी सरासरी रेंज १.६५ आली आणि रेषा २०४ च्या वर-खाली १.२ ग्रॅमवर, म्हणजे २०२.८ आणि २०५.२. उद्या एखादा कप दोन ग्रॅमनं जरी मागे पडला तरी दर चौथा ठिपका खालच्या रेषेबाहेर जाईल आणि कुठला कप ते त्याच्याखालीच लिहिलेलं असेल.

ही युक्ती जिथे वेगवेगळी तोंडं किंवा साचे एकाच वेळी काम करतात तिथे सगळीकडे चालते. पीथमपूरला प्लास्टिकच्या मोल्डिंगवाल्यांकडे आठ पोकळ्यांच्या साच्यात हेच होताना दिसतं. मल्टिहेड वेयर या वजन करून भरणाऱ्या मशीनवर मात्र ती अशी लागू होत नाही, कारण तिथे एक पाकीट अनेक बादल्यांची बेरीज असतं आणि कुठली बादली ते मशीनच्या नोंदीतूनच काढावं लागतं.

तपासणी सहावी: त्या वेळी काय बदललं?

ठिपका खरंच बाहेर आहे, काटा ठीक, गट ठीक, तर मग कारण शोधायचं, आणि ते आठवणीतून सापडत नाही. चार्टच्या खाली एक पट्टी ठेवा आणि त्यात रोल बदलला, शेवेचा नवा घाणा आला, पाळी बदलली, मशीन अडकून थांबलं, एवढंच वेळेसकट लिहा. सलग चढत जाणाऱ्या ठिपक्यांचं, म्हणजे तिसऱ्या लक्षणाचं, उत्तर बहुधा या पट्टीतच मिळतं. कप फिलर वजन करत नाही, माप भरतं. हॉपर रिकामा होत आला की तळाशी साचलेला चुरा उतरतो, तो फटी भरून काढतो आणि त्याच मापात जास्त वजन मावतं. नवी शेव ओतली की ठिपके परत खाली येतात. त्यावर चाक फिरवणं हा उपाय नव्हे. हॉपर एक-तृतीयांशाच्या खाली जाऊ न देणं आणि चुरा चाळून वेगळा करणं, हा उपाय.

तपासणी सातवी: नव्या रेषा, आणि मगच चाक

दुरुस्तीनंतर जुन्या रेषा फाडून टाका. वीस-पंचवीस नवे गट घ्या, त्यात एखादा बाहेर गेला आणि त्याचं कारण सापडलं तरच तो वगळा. कारण न सापडता ठिपका वगळायचा नाही, तो कितीही डोळ्यांत खुपला तरी. रेषा पक्क्या झाल्यावर लक्ष्य खाली आणायचा विचार करता येतो. वरच्या प्रकरणात एका कपाचा सिग्मा सुमारे ०.८ ग्रॅम होता. लक्ष्य २०२.५ वर आणलं तरी तीन सिग्मा खाली, म्हणजे २००.१ पर्यंत, जागा उरते. मिनिटाला चाळीस पाकिटं धरली तर आठ तासांत दीड दीड ग्रॅमचे जवळपास एकोणतीस किलो होतात. मालकांना कंट्रोल चार्टमधलं एवढंच वाक्य चटकन समजतं, आणि कप पॉलिश करायचा खर्च त्याच बैठकीत मंजूर होतो.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

एखादं पाकीट १९१ ग्रॅमच्या खाली आलं तर चार्ट बाजूला ठेवा आणि मशीन थांबवा. वैधमापनाच्या नियमांत २०० ग्रॅमच्या पाकिटाला कमाल ९ ग्रॅमची तूट चालते, त्यापुढे नाही. शेवटच्या ठीक आलेल्या तपासणीपासूनचा सगळा माल वेगळा ठेवा, फॅक्टरी मॅनेजरला कळवा, आणि पुन्हा वजन केल्याशिवाय एक खोकंही गाडीत चढवू देऊ नका. चार पाकिटांची सरासरी चांगली आहे हे इथे उत्तर होत नाही.

काटा शिक्क्याच्या वजनाला चुकत असेल तर सील तोडून आतला स्क्रू फिरवू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला बोलवा. दुरुस्तीनंतर वैधमापन खात्याकडून पुन्हा पडताळणी आणि शिक्का लागतो. तोपर्यंत दुसरा काटा वापरा.

चारही कप साफ, तबकडी सरळ, तरी एकाच कपाची रेंज बाकीच्यांच्या दुप्पट येत असेल, तर खालची झडप किंवा तबकडीचं बेअरिंग गेलेलं असण्याची शक्यता जास्त. ते मशीन बनवणाऱ्याच्या सर्व्हिस इंजिनिअरचं काम आहे. त्याला चार रकान्यांचा तक्ता दाखवा, तो थेट त्याच कपाशी जाईल आणि अर्धा दिवस वाचेल.

मोजमाप फार जवळजवळच्या वेळी घेतलेलं असेल, उदाहरणार्थ तळणीच्या तेलाचं तापमान दर मिनिटाला, तर हा साधा चार्ट लावू नका. एका मिनिटाचं तेल मागच्या मिनिटाच्या तेलासारखंच असतं, आकडे एकमेकांना धरून चालतात आणि रेषा खोट्याच अरुंद येतात. तिथे संख्याशास्त्र जाणणारा माणूस हवा.

आणि शेवटची स्थिती अशी असते, जिथे बोलवायचं कोणाला हे ठरवायला लोक सगळ्यात जास्त वेळ लावतात. चार्ट खरोखर नियंत्रणात आहे, गट योग्य आहेत, कुठलाही इशारा नाही आणि तरी पाकिटं २०० च्या खाली जातात. तेव्हा शोधण्यासारखा बिघाड शिल्लक नसतो. ते मशीन त्या शेवेबरोबर एवढंच नेमकं भरू शकतं. ऑपरेटरला ओरडून किंवा तपासणी वाढवून त्यात फरक पडणार नाही. एकतर लक्ष्य वर न्यायचं आणि जादा शेवेचा खर्च सोसायचा, नाहीतर माप भरणाऱ्या मशीनऐवजी वजन करून भरणारं मशीन घ्यायचं. हा निर्णय मालकांचा. त्यांच्यापुढे चार्ट, कपांचा तक्ता आणि दोन्ही पर्यायांचा महिन्याचा खर्च ठेवा.